हरवला की नेला

त्या दुकानात तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या मशीनला माहीत होतं. बाकी सगळे तिला झटपट म्हणायचे. मालकाने थट्टेत ठेवलेलं नाव गिऱ्हाइकांनी उचललं आणि ते तिला चिकटलं ते कायमचंच. "झटपट आहे का? नाही? मग मी नंतर येतो," असं म्हणून परत जाणारी माणसं होती. सिमकार्ड, रिचार्ज, नवे फोन, फोनचा विमा असं सगळं विकणारं ते चौकातलं दुकान. आत तीन काउंटर होते, पण रांग लागायची ती झटपटच्याच काउंटरला आणि सरकायचीही तीच.

या घाईमागे एक जुना सल होता. वडील गोदामात हमाल. लहानपणी कुठल्याशा दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर ती कचेरीत जायची. जाळीमागचा कारकून मान वर न करता म्हणायचा, "उद्या या." वडील हसून "बरं साहेब" म्हणायचे आणि रोज बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. ते हसणं तिला कारकुनाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. काउंटरच्या पलीकडे बसायची वेळ आली तेव्हा तिने स्वतःलाच बजावलं होतं, माझ्यापुढे आलेल्या माणसाला "उद्या या" ऐकावं लागणार नाही. तो शब्द तिने पाळला. पाळता पाळता त्याची घमेंड कधी झाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

पट्टीवाली मावशी दुकानात आली ती दुपारची, कोपर खरचटलेलं आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. ही मावशी घरोघर जाऊन जखमांची ड्रेसिंग करायची. साखरेने चिघळलेले पाय, ऑपरेशनचे टाके, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी. दवाखान्यात परत परत नेणं झेपत नाही अशा घरांना तिचा आधार होता. निरोप फोनवर यायचा, पत्ता फोनवर यायचा, जखमेचा फोटोही फोनवरच यायचा आणि तो डॉक्टरला पाठवून मग ती औषध लावायची. तिची पिशवी एकवेळ हरवली असती तर चाललं असतं, फोन नाही.

"गेला गं माझा फोन," मावशी म्हणाली. "गोदामाच्या वळणावर बोलत उभी होते. मागून दुचाकी आली, दोघं होते. मागच्याने हातातून ओढला. मी सोडला नाही, तर फरफटत गेले आणि आपटले."

झटपटने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिलं काम बरोबर केलं. दुकानाच्या फोनवरून कंपनीला फोन लावला, मावशीला नाव, पत्ता, जन्मतारीख सांगायला लावलं आणि सिम तिथल्या तिथे बंद करून घेतलं. त्यासाठी कुठला कागद लागत नाही, नंबर आपला आहे एवढं पटवून दिलं की पुरतं. बँकेला फोन करून खात्याचा मोबाइल व्यवहारही थांबवला. मावशीचा जीव भांड्यात पडला.

"आता त्याच नंबरचं नवं सिम," झटपट म्हणाली. "त्याला ओळखपत्र आणि पोलिसांचा कागद लागतो."

"म्हणजे चौकीवर जायचं? हा हात घेऊन?"

"कशाला? मी बसलेय ना."

तिने संगणकावर पोलिसांचं पान उघडलं. हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. माहिती भरली की शिक्का मारलेला कागद लगेच छापून मिळतो. तिची बोटं धावू लागली. 'काय हरवलं', 'कुठे हरवलं', 'कसं हरवलं'. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं, रस्त्याने जाताना पडून गहाळ झाला.

मावशीने वाकून पाहिलं. "पडला कुठे गं? ओढून नेला ना."

"मावशी, चोरी म्हटलं की ठाण्यात जावं लागतं. जबाब, पंचनामा, साहेब नाहीत, उद्या या. आपल्याला सिमशी मतलब. सिमला हा कागद चालतो. सगळ्यांचं असंच करते मी."

"तू म्हणतेस तर तसं. मला काय कळतंय."

आणि सिम मिळालं. नव्या सिमवर पहिला दिवसभर संदेश येत नाहीत, ही बँकेच्या फसवणुकीला आळा घालायची सोय. तो वेळ सरल्यावर झटपटने पुढचंही काम केलं. प्रत्येक फोनला त्याचा स्वतःचा पंधरा आकडी नंबर असतो, बिलावर छापलेला. तो नंबर, बिल आणि तोच पोलिसांचा कागद सरकारी पानावर चढवला, नवं सिम दुकानाच्या फोनमध्ये घालून त्यावर आलेला ओटीपी टाकला आणि मावशीचा फोन कुठल्याही सिमवर चालणार नाही असा करून टाकला. चोराच्या हाती वीट राहिली. मावशीने डाव्या हाताने तिच्या गालावरून बोटं फिरवली. "गुणाची आहेस," म्हणाली. झटपट दिवसभर फुशारली होती.

खरं घोडं पेंड खाणार होतं ते पुढे.

त्या फोनचा विमा होता आणि तो मावशीच्या गळ्यात झटपटनेच मारला होता. "फुटला तरी मिळेल, चोरीला गेला तरी मिळेल," हे तिचं पाठ झालेलं वाक्य. मावशी हिशोबाची पक्की, तिने दुसऱ्याच दिवशी शेजारणीच्या फोनवरून विमा कंपनीला कळवून ठेवलं होतं. आता कागद मागितले तेव्हा तिने मोठ्या विश्वासाने तोच छापील कागद पाठवला. उत्तर आलं : आपल्या नोंदीनुसार फोन हरवला आहे. हरवणे विम्यात बसत नाही. चोरी असल्यास पोलिसांत नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत, म्हणजे एफआयआर, पाठवा.

मावशी ते घेऊन एकटीच ठाण्यात गेली. आणि तिथून थेट दुकानात आली. आता मनगटाला प्लास्टर होतं. चेहरा असा, की कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली असावी.

"त्या मॅडम म्हणाल्या," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच लिहून दिलंय ना हरवला म्हणून? विमावाल्यांनी नाही म्हटल्यावर चोरी आठवली का? म्हणाल्या, खोटी तक्रार करणं गुन्हा आहे, वय बघून सोडतेय. चार माणसं ऐकत होती गं. त्यातल्या एकीच्या सासूची पाठ मी धुते."

भरवसा हाच मावशीचा खरा धंदा होता. लोक तिला आजारी माणसाच्या खोलीत एकटी सोडून बाजाराला जायचे. कपाटं उघडी असायची. मलमपट्टी काय, दहा जणी करतील, पण असा भरवसा दहा जणींवर कोण टाकणार?

त्याच वेळी मालक शेजारच्या काउंटरवर पेन शोधत होता. नसलेलं पेन इतका वेळ शोधत कुणी बसत नाही. झटपटला त्याचे कान दिसले.

"तरी मावशी," तिच्या तोंडून गेलं, "कागद नीट वाचायचा होता ना तुम्ही."

मावशीने मान डोलावली. "हो गं. चुकलंच माझं. तुझ्याही मागे लचांड लावलं मी." आणि ती निघून गेली. तिने भांडण केलं असतं, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर झटपटने चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. माफी मागून गेलेल्या माणसाचं काय करायचं?

मालकाला पेन सापडलं. "बरोबर बोललीस," तो म्हणाला. "आपलं काम सिमपर्यंत. उगाच दुकान चौकीत न्यायचं नाही. आणि असे कागद आपण इथे भरतो हे बाहेर बोलायचं नाही, काय?"

"आपण नाही, मी भरते," झटपट म्हणाली. मालकाला ते होकारासारखं ऐकू आलं.

खाई त्याला खवखवे. त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचं रिचार्ज दुसऱ्याच्या नंबरवर गेलं. घरी भाजीला मीठ दोनदा पडलं. नवरा शाळेची बस चालवायचा, बोलायचा कमी आणि बोलला तर ब्रेक लावल्यासारखा. सकाळी कपबशी पुढे सरकवत त्याने विचारलं, "दुकानात काय झालं?"

तिने सांगितलं. सांगताना थोडी सारवासारव केली, कोण नाही करत? ठाण्यातले लोक कसे छळतात, लोकांचा वेळ कसा खातात, ती चोरी लिहायला गेली असती तर मावशीला सिम केव्हा मिळालं असतं.

"हे खरंच आहे," नवरा म्हणाला. "ठाणेवाले टाळतात. पण त्यांनी टाळायच्या आधी तूच टाळलंस की. त्यांचं काम तू केलंस, तेही फुकटात."

ती चिडली. "तुला काय जातंय बोलायला? स्टिअरिंग धरून गावाला अक्कल शिकवायची."

"बस पुढे गेली आणि एक पोर खाली राहिलं," तो उठत म्हणाला, "तर मी वेळेत पोचलो असं कोणी म्हणत नाही."

तिने कपबशी उचलली आणि नळाखाली दोनदा धुतली.

त्या दिवशी तिने मालकाला सुट्टी न विचारता "जरा जाऊन येते" म्हणून दुकान सोडलं आणि मावशीचं घर गाठलं. दार उघडंच होतं. मावशी खाटेवर बसून डाव्या हाताने गॉजच्या घड्या घालायचा प्रयत्न करत होती. घड्या वाकड्या होत होत्या.

"चला, ठाण्यात जायचंय," झटपट म्हणाली.

"नको बाई. पुन्हा नाही जायची मी तिथे. फोन गेला तर गेला."

"फोनसाठी नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे सांगायला. आणि ते मला सांगायचंय. त्या दिवशी काउंटरवर मी तुम्हालाच वर बोलले. कातडी वाचवली मी माझी."

मावशीने गॉज बाजूला ठेवला. "मला वाटलंच होतं, मालक उभा होता म्हणून," एवढंच ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. म्हणजे तिला सगळं कळलं होतं. तरी माफी तिनेच मागितली होती. झटपटने वाकून खाटेखालून चपला काढून दिल्या.

ठाण्यातल्या मॅडम त्याच होत्या. टेबलावर फायलींचे गठ्ठे, गार झालेला चहा. त्यांनी मावशीला ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पुन्हा आलात?"

"मॅडम, त्यांच्या नावाने ती हरवल्याची नोंद मी भरली," झटपट म्हणाली. "चौकातल्या मोबाइलच्या दुकानात मी असते. यांनी मला पहिल्यापासून हेच सांगितलं होतं, दुचाकीवाल्यांनी ओढून नेला, त्या फरफटल्या. मी पडून गहाळ झाला असं लिहिलं. माझ्या मनाने. सिम लवकर मिळावं म्हणून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या नोंदीच्या तळाला काय छापलेलं असतं, वाचता येतं ना?"

"येतं. खोटी माहिती देणं गुन्हा आहे. ही फक्त हरवल्याची नोंद आहे, हिच्यावर तपास होत नाही."

"कळत असून केलंत?"

"हो."

"मग तुमच्यावरच काय ते करू का आधी?"

तिची पाचावर धारण बसली होती. पण तोंड तिचंच होतं. "करा. माझं काय करायचं ते करा. पण यांचा गुन्हा आधी लिहून घ्या. हातातून ओढून नेणं ही दखल घ्यायची गोष्ट आहे, तुम्हाला लिहावीच लागते. तुम्ही नाही म्हटलंत तर मी वरच्या साहेबांना पोस्टाने पाठवीन. मला कागद झटपट लिहिता येतात."

शेजारचा शिपाई खोकला की हसला ते कळलं नाही. मॅडमनी मावशीचं प्लास्टर पाहिलं. "हे कुठे केलंत?"

"सरकारी दवाखान्यात. त्याच दिवशी संध्याकाळी," मावशीने पिशवीतून चिठ्ठी काढली. त्यावर डॉक्टरने लिहिलं होतं : चोरांनी मोबाइल खेचून नेताना रस्त्यावर पडल्याचे रुग्ण सांगते. मावशीने डॉक्टरला खरंच सांगितलं होतं. खोटं शहाणपण फक्त काउंटरवर झालं होतं.

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे त्या दिवशी दाखवलं असतंत तर?"

"तुम्ही बोलूच दिलं नाही," मावशी म्हणाली. रागाने नाही, औषधाची वेळ सांगावी तशी.

मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला आणि लिहायला घेतलं. कुठे उभ्या होता, दुचाकी कुठल्या बाजूने आली, मागे बसलेल्याने काय घातलं होतं. उशीर का झाला, याचंही कारण लिहिलं, त्यात झटपटचा जबाब वेगळा घेतला. मग सगळं मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. प्रत फुकट मिळते, मागावी लागत नाही, तरी झटपटने मागितलीच.

"एक मात्र नवल आहे," कागदावर शिक्का मारताना मॅडम म्हणाल्या. "गोदामाच्या वळणावर म्हणताय. तिथे असलं काही होत नाही हो. आमच्याकडे त्या जागेची एकही चोरी नाही. म्हणून तर तिथली गस्त काढून बाजाराकडे लावली."

झटपट उठायच्या बेतात होती. ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली.

तिला माणसं आठवली. चपला शिवणारा काका, त्याचा फोन कानापासून ओढला होता. 'कुठे?' तिने विचारलं होतं, बोटं की-बोर्डवर. 'गोदामाच्या वळणावर.' शिकवणीची बाई. गरोदर असलेली ती केस कापणारी मुलगी, जी खाली बसून रडली होती. सगळ्यांना तिने हेच सांगितलं होतं, सिमला हा कागद चालतो. सगळ्यांचे फोन तिने रस्त्यात पाडले होते. ती जागा कागदावर स्वच्छ राहिली होती, कारण ती तिनेच धुऊन काढली होती. आणि त्या धुतलेल्या वळणावर मावशी बेफिकीर उभी राहिली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "होतात. तिथे खूप होतात. तुमच्याकडे हरवले म्हणून पडलेत ते. मीच घातलेत."

मावशीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. ती जमिनीकडे वळलेली नजर झटपटला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिली.

"त्यांना घेऊन या," मॅडम अखेर म्हणाल्या. आवाजातली धार गेली होती, कारण माणसं ठाण्याची पायरी टाळत होती त्यात वाटा त्यांचाही होता, आणि त्यांना तो ठाऊक होता. "तुमच्या सांगण्यावर नाही लिहिता येणार. ज्याचं गेलं त्याने यायला हवं."

झटपट दारोदार गेली. चपलावाले काका आले. शिकवणीच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं, "आता कशाला? माझं सिम मिळालं की," म्हणाल्या आणि लावून घेतलं. केस कापणारी मुलगी गाव सोडून गेली होती. आले तेवढ्यांचे गुन्हे लिहिले गेले. पुढे वळणावर एक दिवा लागला आणि संध्याकाळी दोन शिपाई उभे राहू लागले. चोर सापडले का? नाही. मालकाने आठवडाभर तिच्याशी अबोला धरला, मग रांग बघून तो सोडला.

विम्याचंही झालं. कंपनीने आधी दोन कागदांत तफावत का, म्हणून खुलासा मागितला. एफआयआर, झटपटचा जबाब, सिम कधी बंद केलं त्याचा कंपनीकडचा दाखला असं सगळं गेलं. हरवल्याच्या कागदावर सिम मिळालं होतं, फोन बंद झाला होता, ते फुकट गेलं नव्हतं. पण नेलेल्या फोनची भरपाई मिळाली ती नेला असं लिहिल्यावरच. थोडी कापाकापी करून कंपनीने दिले, आणि मावशी नवा फोन घ्यायला त्याच दुकानात आली. दुसरीकडे स्वस्त मिळत होता तरी.

रांगेत तिच्यापुढे एक तरुण होता, घाईत. "फोन गेलाय, सिम द्या. तो ऑनलाइनवाला कागद काढा ना पटकन."

"हरवला की नेला?" झटपटने विचारलं.

"त्याने काय फरक पडतो?"

"हरवला तर इथेच काढते. नेला तर सिम आत्ता बंद करून देते, कागदाला ठाण्यात जायचं. मी सांगते कसं."

"अहो, लोक तुम्हाला झटपट म्हणतात ना?"

"म्हणायचे."

तो बडबडत बाजूला झाला, सिम बंद करायला मात्र थांबला. मग मावशी पुढे आली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट सरळ होत नव्हतं. दोन घरांनी दुसरी बाई लावली होती. मावशीच्या इमानाबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं, पट्टी तिच्या हाताने घट्ट बसत नाही म्हणून. हे तिने तक्रारीसारखं सांगितलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची.

तिने नवा फोन काउंटरवर ठेवला, शेजारी सिम आणि ती बारीक सुई, जिने फोनचा खण उघडतो. सुई चिमटीत धरायचा प्रयत्न तिने एकदा केला. ती निसटली.

"तूच टोच गं," मावशी म्हणाली. "माझ्या बोटांत जोर नाही आता."

झटपटने सुई उचलली. एरवी डोळे मिटून, बोलता बोलता करायचं काम. आज त्या इवल्याशा भोकात सुई जायला तिला खूप वेळ लागला. मावशी थांबली होती. मागच्या रांगेत कुणीतरी कंटाळून खाकरलं.